मुलानं इंग्रजीत उत्तर दिल्यावर काय? परदेशातल्या मंडळासाठी पुसदकडून गेलेल्या एका बीजभाषणाचं प्रकरण

अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका शहरातलं मराठी मंडळ. गुढीपाडव्याचा कार्यक्रम, त्याला जोडून मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन. बीजभाषणाचा विषय नेहमीचाच होता : ‘मुलांमध्ये मराठी कशी टिकवावी’. वक्त्या मात्र नेहमीच्या नव्हत्या. मंडळाच्या सचिव मूळच्या पुसद तालुक्यातल्या. त्यांनी आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना फोन केला. बाई निवृत्त होऊन गावातच राहतात. आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग त्यांनी सांभाळले आणि त्या वर्गांत निम्मी पोरं बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येत असत, म्हणजे घरी गोरमाटी बोलणारी. काही वर्षं त्या कोलाम आदिवासींच्या पोडाजवळच्या, म्हणजे वस्तीजवळच्या शाळेतही होत्या. सचिवांचं म्हणणं असं, की मराठीची थोरवी सांगणारे वक्ते मंडळाला दर वर्षी मिळतात. घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी असलेली पोरं रोज समोर बसवलेलं माणूस एकदा बोलवायचं आहे.

माझं काम संहितेचं. आमच्या भागात सत्कार, पुस्तक प्रकाशन, शाळांचे कार्यक्रम यांची निवेदनं आणि भाषणं मी लिहून देतो. बाई बोलणार, मी कागदावर आणणार, असं ठरलं.

बाईंनी आधी स्वतःच एक मसुदा वहीत लिहून काढला होता. तो सुंदर होता आणि चालणारा नव्हता. सुरुवात ज्ञानेश्वरांपासून, मग महानुभावांचं गद्य (विदर्भातल्या माणसाला लीळाचरित्र आणि रिद्धपूर टाळून पुढं जाताच येत नाही, आणि का जावं), मग शिवरायांचा राज्यव्यवहारकोश, मग 2024 मध्ये मिळालेला अभिजात दर्जा. मुलांचा उल्लेख सोळाव्या पानावर. मी मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं तर अर्ध्या तासाच्या वर गेलं. मंडळानं अठरा मिनिटं दिली होती. बाईंचा बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द, म्हणजे हाताशी एकोणीसशे शब्द, फार तर दोन हजार.

नुसतं कापून हे भागणार नव्हतं. समोर कोण बसणार हे आधी कळायला हवं होतं. सचिवांना आम्ही तीन घरं निवडायला सांगितली आणि त्यांच्याशी फोनवर बोललो. पहिल्या घरात आई-वडील दोघं मराठी, मुलगी चार वर्षांची, घडाघडा मराठी बोलणारी, ऑगस्टमध्ये शाळेत जाणार. दुसऱ्या घरात दोघं मराठीच, पण मोठा मुलगा अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. आई-बाप मराठीत विचारतात, पोरं इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघं भावंडं आपसात फक्त इंग्रजी. तिसऱ्या घरात वडील अकोल्याचे, आई तामिळ, आई-बापांची आपसातली भाषा इंग्रजी.

तिघांनाही एकच विचारलं : मराठीचा विषय घरात नेमका कधी अडतो? तिन्ही उत्तरं एकाच जागी येऊन थांबली. मूल इंग्रजीत बोलतं, त्या क्षणी आपण काय करायचं ते कळत नाही. रागवावं? न ऐकल्यासारखं करावं? की कामाला उशीर होतोय म्हणून आपणही इंग्रजीत उत्तर देऊन मोकळं व्हावं? दुसऱ्या घरातली आई म्हणाली, “भाषेचं महत्त्व आम्हाला माहीत आहे हो. महत्त्व माहीत नसतं तर दर रविवारी चाळीस मैल गाडी हाकत शाळेत कशाला आलो असतो?”

त्या वाक्यानंतर बाईंनी वही मिटली. पहिली पंधरा पानं गेली. रिद्धपूर गेलं याचं मला अजून वाईट वाटतं, पण ते गेलं ते बरंच झालं. संहिता आता त्या एका क्षणाभोवती बांधायची होती.

तांडा आणि पोड

सुरुवात बाईंच्या वर्गातून केली, कारण तिथं त्यांच्याकडे असं काही होतं जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. परदेशातल्या मंडळात मराठी ही नेहमी लहान, एकटी पडलेली भाषा असते. पुसद-उमरखेडच्या शाळेत मराठी ही मोठी भाषा आहे आणि तिच्यापुढं गोरमाटी आणि कोलामी लहान आहेत. इंग्रजी जे त्या मुलांच्या मराठीचं तिथं करते, ते इथं मराठी कोलामीचं करत आली आहे. हे मंडळाच्या व्यासपीठावरून म्हणावं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होतं लोक दुखावतील. बाई ठाम होत्या, आणि संहितेत ते असं आलं :

“माझ्या वर्गात तांड्यावरची पोट्टी यायची. पहिल्या दिवशी त्यांना मराठीतलं ‘बस’ अन् ‘ऊठ’ एवढंच कळायचं. दिवाळीपर्यंत ती मराठीत भांडायला लागायची. पण सुट्टी झाली की फाटकाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर गोरमाटी सुरू. कुणी सांगितलेलं नसायचं. तांड्यावर आजी त्याच भाषेत शिव्या देते, शेळ्या त्याच भाषेत हाकायच्या, खेळात राज्य कुणावर हे त्याच भाषेत ठरतं. पोडावर मात्र मी दुसरं पाहिलं. पोरांना शाळेत जड जाऊ नये म्हणून शाळा सांगायची, घरी मराठी बोला. आई-बाप बिचारे तुटक्या मराठीत पोरांशी बोलू लागले. ती पोरं आता मोठी झाली. आजी कोलामीत बोलली की त्यांना सगळं समजतं. उत्तर मराठीत देतात. ही गोष्ट तुम्हाला कुठं पाहिल्यासारखी वाटते का?”

इथं संहितेत कंसात ‘थांबा, पाणी प्या’ असं लिहिलं होतं. बाईंना पाण्याची गरज नव्हती. ऐकणाऱ्यांना तेवढा वेळ हवा होता.

या उताऱ्यातला एक धागा सहज निसटतो. दोन्हीकडची पोरं एकाच प्रकारच्या शाळेत, एकाच माध्यमात शिकली. फरक शाळेनं केला नाही, शाळेबाहेरच्या तासांनी केला. त्यामुळे पुढचा तुकडा तासांचाच लिहिला, आणि तो पडद्यावर न दाखवता बाईंनी बोटांवर मोजायचा ठरवला.

तासांचा हिशेब

मंडळाची शाळा रविवारी दोन तास, वर्षाकाठी सुमारे तीस रविवार. झाले साठ तास. अमेरिकेतली शाळा साधारण 180 दिवस भरते, दिवसाचे साडेसहा तास धरले तर अकराशे सत्तर. साठ तासांनी अकराशे सत्तरांना तोंड द्यायचं म्हटलं तर जमणार नाही, आणि ते जमत नाही म्हणून रविवारच्या शाळेतल्या स्वयंसेवक शिक्षकांना दोष देणं अन्यायाचं आहे. पण आणखी एक रकाना आहे. शाळेत नेता-आणतानाची गाडी चाळीस मिनिटं, रात्रीचं जेवण अर्धा तास, झोपवतानाची वीस मिनिटं. दिवसाचा दीड तास, वर्षाचे साडेपाचशेच्या घरात. सुट्टीच्या दिवशी गाडी नसेल तरी एकत्र वेळ जास्तच असतो. म्हणजे रविवारच्या शाळेच्या नऊपट वेळ घरात आधीच पडून आहे. तो नव्यानं काढावा लागत नाही, त्यात कुठली भाषा चालते एवढाच प्रश्न आहे.

मंडळींना इथं एक आकडा सांगायचा मोह होता आणि आम्ही तो सांगितला, पण सांभाळून. आनिक द हाउवर या संशोधिकेनं बेल्जियमच्या डचभाषक फ्लांडर्स भागात सुमारे 1,900 कुटुंबांची पाहणी केली आणि ती 2007 साली प्रसिद्ध झाली. या कुटुंबांत डचबरोबर दुसरी एखादी भाषाही होती. जिथं आई-वडील दोघंही घरात फक्त ती दुसरी भाषा बोलत, तिथल्या शंभरपैकी सुमारे 97 घरांत मुलं ती बोलत होती. जिथं एक पालक ती भाषा आणि दुसरा डच बोले, तिथं हे प्रमाण 74 च्या आसपास होतं. एक पालक दोन्ही भाषा मिसळून आणि दुसरा फक्त डच, अशा घरांत ते 36 वर आलं.

हे आकडे ऐकून दुसऱ्या घराला वाटेल आपण पास, तिसऱ्याला वाटेल आपण नापास. दोन्ही चूक. एक तर पाहणीत ‘मूल ती भाषा बोलतं का’ एवढंच विचारलं होतं; किती बोलतं, कसं बोलतं हे नाही. दुसरं म्हणजे दुसऱ्या घरात आई-बाप मराठी बोलतात खरे, पण ते एकमेकांशी आणि मुलांना हाक मारण्यापुरतं. मुलानं इंग्रजी सुरू केली की तेही इंग्रजीवर जातात. फोनवर बोलतानाच ते आम्हाला दोनदा ऐकू आलं. घर मराठी आहे असं त्या घराला वाटतं आणि मुलाच्या कानावर पडणारा हिशेब वेगळा असतो. अशा घराला आपलं खरं चित्र कळायला एक सोपा उपाय संहितेत घातला : एका जेवणाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि मुलाला उद्देशून किती वाक्यं मराठीत गेली, किती इंग्रजीत, तेवढंच मोजा. मुलाची वाक्यं मोजू नका.

तो क्षण

भाषणाचा मधला सहा मिनिटांचा भाग याच्यासाठी राखला होता. इथं आधार होता एलिझाबेथ लान्झा या भाषाशास्त्रज्ञांच्या कामाचा. नॉर्वेमध्ये आई अमेरिकन आणि वडील नॉर्वेजियन अशा घरांतल्या दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचं बोलणं त्यांनी टिपलं आणि मूल ‘चुकीच्या’ भाषेत बोललं की पालक काय करतो, याचे पाच प्रकार मांडले. मूळ संज्ञा भाषणात आणल्या असत्या तर निम्मी मंडळी वडा-पावाच्या टेबलाकडे बघू लागली असती. बाईंनी सगळं एका भाजीवर आणलं. मूल ताटाकडे बघून म्हणतं, “आय डोन्ट वॉन्ट धिस.” आता तुम्ही काय म्हणता?

एक : “काय म्हणालास?” म्हणजे मला कळलं नाही, पुन्हा सांग. दोन : “भाजी नको का तुला?” म्हणजे मी अंदाज बांधला, तू हो किंवा नाही म्हण. तीन : “भाजी नकोय होय.” म्हणजे त्याचंच वाक्य मराठीत करून त्याच्यापुढं ठेवलं, उत्तर मागितलं नाही. चार : त्याच्या इंग्रजीकडे लक्ष न देता आपलं मराठी पुढं चालू, “बरं, मग वरण-भात घे.” पाच : “ओके, देन ईट समथिंग एल्स.”

वरून खाली येताना मुलावरचा मराठीत बोलण्याचा दाब कमी कमी होत जातो. पहिल्यात मुलाला वाक्य स्वतः जुळवावं लागतं. पाचव्यात त्याला कळतं की इथं इंग्रजी चालते, आणि पुढच्या वेळी मराठी शोधायचा त्रास ते घेत नाही, घेणारही नाही. लान्झांच्या निरीक्षणात ज्या पालकाकडून पहिला-दुसरा प्रकार जास्त येत होता, त्याच्याशी बोलताना मूल भाषा कमी मिसळत होतं.

इथवर सरळ आहे. पण घरी जाऊन उद्यापासून पहिला प्रकार सुरू करा असं सांगितलं असतं तर अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात दोन दिवसांत भांडण झालं असतं. मोठ्या मुलाला पक्कं माहीत असतं की आईला इंग्रजी कळते. ती ऑफिसात दिवसभर तेच बोलते. “काय म्हणालास?” हे त्याला नाटक वाटतं, आणि ते नाटकच असतं. चार वर्षांच्या मुलीला मात्र ते नाटक वाटत नाही, खेळ वाटतो. म्हणून बाईंनी तिन्ही घरांसाठी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

चार वर्षांच्या मुलीच्या घरासाठी : शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती इंग्रजी वाक्यं घरी आणेल. पहिले काही आठवडे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण सवय तेव्हाच लागते. पहिला आणि दुसरा प्रकार आलटून पालटून वापरा. शाळेतली गोष्ट तिला मराठीत सांगता येत नसेल तर ते मराठीचं अपयश नाही. मधल्या सुट्टीला तिथं ‘रिसेस’ म्हणतात, दप्तर ठेवायच्या कप्प्याला ‘कबी’, आणि यांची मराठी तिनं कधी ऐकलेलीच नाही. ते शब्द तसेच राहू द्या, क्रियापदं मराठी राहिली तर वाक्य मराठीच आहे.

अकरा वर्षांच्या मुलाच्या घरासाठी : तिसरा आणि चौथा प्रकार. आपण इंग्रजीवर जायचं नाही, त्यालाही अडवायचं नाही. त्याचं वाक्य मराठीत सहज पुन्हा म्हणून पुढं जायचं. महिनोन्महिने त्याच्याकडून काही येणार नाही. धाकटीकडून आधी येईल, कारण तिची सवय अजून घट्ट झालेली नाही. भावंडं आपसात इंग्रजी बोलणार, ते थांबवण्याच्या मागं लागू नका. हाती काही लागत नाही आणि घरात चिडचिड वाढते.

तिसऱ्या घरासाठी : वडिलांचं मराठी हे एकट्या माणसाचं मराठी आहे, त्याला दुसरा आवाज लागतो. तो आवाज अकोल्याच्या आजीचा.

आजीच्या फोनवर बाई बराच वेळ थांबल्या आणि मला ते योग्य वाटलं. परदेशातल्या घरांत हा फोन बहुधा चौकशीचा असतो : जेवलास का, शाळा कशी आहे, आजीला गाणं म्हणून दाखव. मूल तीन शब्दांत उत्तर देऊन पळतं. बाईंनी सुचवलं ते असं, की आजीनं विचारूच नये, दाखवावं. मार्च ते नोव्हेंबर तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इकडचे सकाळचे साडेसहा. गावाकडे त्या वेळी काही ना काही चाललेलं असतंच. गोठ्यातलं शेण निघतंय, तूर पाखडली जातेय, कापसाच्या दिवसांत वेचणीला निघायची घाई आहे. फोन सुपाजवळ टेकवून आजीनं आपलं काम करत बोलावं. मूल स्वतःच विचारतं, हे काय आहे, हे का उडतंय. मराठीत प्रश्न विचारायची गरज तिथं खरी असते, कारण या आजीला इंग्रजी खरंच येत नाही. जे नाटक आईला करावं लागतं ते आजीला करावं लागत नाही.

वऱ्हाडीचं काय?

हा तुकडा मूळ आराखड्यात नव्हता. अकोल्याच्या वडिलांशी बोलताना तो निघाला. ते म्हणाले, “मी घरी बोलतो ते वऱ्हाडी. शाळेत पोराला ते चुकीचं म्हणून दुरुस्त करतात. मग मी पोराशी बोलताना जरा विचार करून बोलतो.” विचार करून बोलतो म्हणजे कमी बोलतो, हे त्यांनाही कळत होतं.

बाईंनी यावर दोनच मिनिटं घेतली पण त्या दोन मिनिटांना सभागृहातून सगळ्यांत मोठी टाळी आली, असं सचिवांनी नंतर सांगितलं. संहितेतला मजकूर :

“माझ्या शाळेत पोरगं ‘डोया’ म्हणायचं, पुस्तकात ‘डोळा’ होतं. मी फळ्यावर डोळा लिहायची अन् पोराच्या डोयाला हात लावायची नाही. वाचायला-लिहायला पुस्तकाची मराठी शिकवा, शिकवलीच पाहिजे. पण बाप ‘मी जेवून राहिलो’ म्हणत असेल तर पोरानं तेच म्हणू द्या. जी मराठी बापाच्या तोंडात न अडखळता येते, तीच पोराच्या कानात भरपूर जाईल. दुसरी थोडी थोडी जाईल.”

खाली एक तांत्रिक भाग होता, तो आम्ही भाषणातून काढून रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना वेगळा पाठवला. परदेशात वाढलेल्या मुलांच्या मराठीत आधी काय सुटतं ते त्यात होतं : ‘मी पोळी खाल्ली’ ऐवजी ‘मी पोळी खाल्लो’, ‘आंब्याचा’ ऐवजी ‘आंबाचा’, सगळ्या वस्तूंना एकच लिंग, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची सरमिसळ. यातल्या कशालाही मध्येच थांबवून दुरुस्त करायचं नाही, बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात वापरायचं. आणि शिक्षकांनी बोलीला चूक आणि या सुटण्याला चूक, असं एकाच लाल पेनानं म्हणू नये. ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाचं व्याकरण शाबूत आहे. ‘आंबाचा’ म्हणणाऱ्याला अजून ऐकायला हवं आहे.

खिरापत

शेवटची चार मिनिटं सल्ल्यानं भरायची नव्हती. समोर मुलंही बसणार होती. बाईंना भुलाबाई आठवली. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, आमच्याकडे आणि खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापतीचा, म्हणजे खाऊचा झाकलेला डबा हलवून दाखवतात. आत काय आहे ते ओळखा, मग खा. परदेशातल्या मंडळांत भोंडला होतोच, पण बहुतेक ठिकाणी मुलं फेर धरतात, मोठ्या बायका गाणी म्हणतात आणि खाऊ सरळ वाटला जातो. म्हणजे ज्या एका टप्प्यात मुलाला बोलावंच लागतं तोच वगळला जातो.

भाषा शिकवणाऱ्यांना हा टप्पा लगेच ओळखू येईल. एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही. बोलण्याचं कारण खोटं नाही, डब्यात आहे. बाईंनी स्टीलचा डबा कॅमेऱ्यासमोर खडखडवला आणि सभागृहातल्या मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. नियम एकच : पदार्थाचं नाव घेण्याआधी तीन प्रश्न. गोड की तिखट? कुरकुरीत की मऊ? चुलीवरचं की तसंच? हे नमुन्याचे प्रश्न मंडळानं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते, म्हणजे ज्याला वाक्य सुचत नाही त्यानं निदान वाचावं.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्यक्रम तिकडे शनिवारी सकाळी साडेदहाला ठेवायला लावला, म्हणजे इकडे रात्रीचे नऊ. आमच्याकडे त्या वेळी लाइट जायची शक्यता असतेच, म्हणून पहिली चौदा मिनिटं दोन दिवस आधी रेकॉर्ड करून पाठवली आणि थेट फक्त डब्याचा खेळ आणि प्रश्नोत्तरं ठेवली. लाइट गेली नाही, पण रेंज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा रेकॉर्ड केलेलं भाषण चालू होतं म्हणून कुणाला कळलं नाही. लांबच्या खेड्यातून बोलणाऱ्या कुठल्याही वक्त्यानं हे असंच करावं.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न नोंदवण्यासारखे होते. एका आईनं विचारलं, मुलगा उशिरा बोलायला लागला म्हणून त्यांना सांगितलं गेलं, घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी. मग काय करायचं? बाईंनी सांगितलं, दोन भाषांमुळे बोलणं लांबतं याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उशीर असेल तर वाचा-उपचार जरूर घ्या, पण त्यासाठी आईनं स्वतःची भाषा सोडायचं कारण नाही, आणि तपासणी करणाऱ्याला मूल दोन्ही भाषांत मिळून किती शब्द बोलतं ते सांगा. दुसरा प्रश्न एका पंधरा वर्षांच्या मुलीचा होता, इंग्रजीत : मला मराठी बोलायचीच नसेल तर? सभागृहात जरा कुजबुज झाली. बाई म्हणाल्या, “मग नको बोलूस. पण धाकट्या पोरांच्या डब्यात काय ठेवायचं ते तू ठरवशील का? तुला मराठी कळते, एवढं पुरे.” मला हे उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं वाटत नाही. काही मुलांचा नकार खरा असतो आणि त्याला तोडगा नसतो. पण त्या मुलीनं काम घेतलं.

मंडळानं पुढं काय केलं ते सचिवांकडून कळलं. कोजागिरीपर्यंत दर रविवारी शेवटची पंधरा मिनिटं खिरापतीला द्यायची ठरली. पहिल्या रविवारी अडचण आली ती अशी, की मुलं तीन प्रश्न भिंतीवरून घोकल्यासारखे वाचून टाकत आणि लगेच इंग्रजीत अंदाजांचा भडिमार करत. मग नियम बदलला : भिंतीवरचा प्रश्न एकदा वापरला की तो उलटा करून ठेवायचा, पुढच्यानं नवा प्रश्न विचारायचा. मग मुलं अडखळू लागली, एकमेकांना हळूच शब्द पुरवू लागली, आणि हे पुरवणं मराठीत होतं. डबे भरण्याचं काम मोठ्या मुलांकडे गेलं, कारण आत काय आहे हे माहीत असून न सांगण्यात त्यांना मजा येत होती. अकरा वर्षांचा तो मुलगा तिसऱ्या रविवारी डबा घेऊन बसला आणि “गरम करून खातात का?” या प्रश्नाला त्यानं “नाही, पण आजी करते” असं उत्तर दिलं. घरी तो अजून इंग्रजीतच बोलतो.